पट्टीची दुसरी ओळ

माझा धंदा नावं ठेवण्याचा. कोणी विचारलं, ताई काय करता, की मी हेच सांगते, आणि समोरचा म्हणतो, ते तर आमची काकूपण करते. पण माझं खरोखर पोट आहे त्यावर. व्हिडिओत एखादा माणूस बोलायला लागला की त्याच्या छातीखाली दोन ओळींची पट्टी सरकत येते, वर नाव, खाली तो कोण, आणि चार सेकंदांनी निघून जाते. ती पट्टी मी करते. इंग्रजीत तिला लोअर थर्ड म्हणतात, आमच्या दुकानात नुसती पट्टी. पंधरा वर्षं दिवसभर लोकांची नावं लिहून इतका वीट आलाय, की इथं मी एकाचंही नाव घालणार नाही.

दुकान म्हणजे इंदूरच्या राजवाड्याच्या मागच्या गल्लीत, बांगड्यांच्या होलसेलवाल्याच्या डोक्यावर दोन खोल्या. मालकाला सगळी गल्ली भिया, म्हणजे भैया, म्हणते, म्हणून मीही भियाच म्हणते, जरी वयानं ते माझ्या काकांच्या बरोबरीचे आहेत. भिया मूळ केबलच्या जमान्यातले. तेव्हाच्या डब्बा टीव्हीत चित्राच्या कडा काचेमागे कापल्या जायच्या, म्हणून अक्षरं कडेपासून आत ठेवायची, चारी बाजूंनी दहावा हिस्सा सोडून, असा नियम होता. त्या सोडलेल्या चौकटीच्या आतला भाग म्हणजे सेफ एरिया. भियांनी तो नियम जानव्यासारखा धरून ठेवलाय. टीव्ही गेला, केबल गेली, आता सगळं जग फोन उभा धरून बघतंय, तरी भिया आपले दहावा हिस्सा मोजतात.

फोनवर काच काही कापत नाही. तिथं झाकलं जातं. उभी रील बघा तुम्ही, खाली खात्याचं नाव, मजकूर, गाण्याची ओळ, उजवीकडे दिलाची, कमेंटची, पाठवायची बटणं. खालचा साधारण पाचवा हिस्सा आणि उजवी कड त्यात जाते. तिथं तुम्ही सोन्याच्या अक्षरांनी लिहा, कोणाला दिसणार नाही. हे मी भियांना शंभरदा सांगितलं असेल. ते म्हणायचे, पट्टी खाली असते म्हणून तर तिला खालची पट्टी म्हणतात. डोंबल. शेवटी मी त्या सगळ्या बटणांचं एक चित्र बनवून माझ्या प्रोजेक्टमध्ये सगळ्यात वरच्या लेयरवर ठेवून दिलं. काम करताना चालू, फाइल काढताना बंद. माझी चौकट मी सांभाळते, भियांची भियांना लखलाभ.

शहराबाहेर राऊच्या बाजूला एक कॉलेज आहे, अनुदानित, जुनं. त्यांचा वर्धापन का कायसा होता, आणि कोणाच्या तरी डोक्यात आलं की महिनाभर रोज एका माणसाची रील टाकायची. रोज एक चेहरा, तीस सेकंद, कॉलेजच्या पानावर. प्राध्यापक, जुने विद्यार्थी, ग्रंथपाल, सगळे. काम आमच्याकडे आलं. कार्यालयातून एक तक्ता आला, एका रकान्यात नावं, दुसऱ्यात पदं. पाठवणारे तिथले हेड क्लार्क, ज्यांना सगळं कॉलेज बडे बाबू म्हणायचं आणि ज्यांच्याशिवाय तिथं खडूसुद्धा हलत नसे.

पहिलंच नाव प्राचार्यांचं. नाव, मग तीन पदव्या, मग चार समित्यांचं सदस्यत्व. मी सांगून पाहिलं की फोनच्या रुंदीत एवढं बसवलं तर अक्षर तांदळाएवढं होईल. उत्तर आलं, सब आना चाहिए. मग मी तीन ओळी बसवल्या आणि प्राचार्यांची हनुवटी पट्टीच्या मागे गेली. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ना, तसं. फाइल पाहून त्यांनाच लाज वाटली असावी, कारण दुसऱ्या दिवशी निरोप आला की एक पदवी पुरे. माणसाला सांगून जे कळत नाही ते त्याला त्याचीच हनुवटी दिसेनाशी झाली की कळतं. तेव्हापासून सगळ्यांना एकच कायदा लागला, दोन ओळी, नाव मोठं आणि जाड, पद त्याच्या निम्म्याहून थोडं मोठं, मागे गडद पट्टा.

माझी परीक्षा साधी आहे. पट्टी झाली की ती माझ्या जुन्या फोनवर टाकायची, उजेड निम्म्यावर, हात लांब, आणि खिडकीत उन्हात उभं राहायचं. सावकाश दोनदा वाचून झालं आणि पट्टी तेवढा वेळ टिकली, तर पास. तब्येतीनं बारीक, नाजूक अक्षरं ज्यांना आवडतात त्यांनी लग्नपत्रिका छापाव्यात.

आता काका. कॉलेजच्या केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये एक गृहस्थ होते, जुनी इंदूर भागात राहणारे, मराठी, साठीला टेकलेले. सगळे त्यांना काका म्हणायचे. शूटिंगला मीच गेले होते, कारण आमचा कॅमेरावाला आजारी पडला होता आणि भिया गुडघ्याचं निमित्त सांगून मोकळे झाले होते. त्या दिवशी मी तिथं पाहिलं ते असं, की द्रावणं काकांनी बनवलेली, बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या काकांच्या हातच्या, पोरांच्या परीक्षानळीत काय उरलंय ते लांबून रंग बघून सांगणारे काका, आणि नवीन लागलेल्या मॅडमना काही अडलं की त्या हळूच विचारायच्या तेही काकांनाच. अंगावरचा शर्ट धुवून पांढरा झालेला, आणि त्याला जागोजागी रफू.

त्यांच्या आडनावात एक ऱ्ह आहे. याहून जास्त सांगितलं तर तुम्ही ओळखाल. त्या ऱ्हनं माझं डोकं खाल्लं. हिंदीवाल्यांना तो लागत नाही, त्यामुळे कार्यालयाच्या तक्त्यात तो र्ह होऊन आला होता, डोक्यावर रफार घेऊन. मी तो सुधारला. मग माझ्या टेम्पलेटमध्ये अक्षरं एकेक करून उडत यायची, ते इंग्रजीला ठीक आहे, आपल्या लिपीत वेलांटी एकीकडून येते आणि अक्षर दुसरीकडून. तेही बंद केलं, पूर्ण शब्द एकदम आणला. अक्षरांमधली फट शून्य केली, नाहीतर शिरोरेषा तुटते आणि नाव दाताच्या कवळीसारखं दिसतं.

एका दुपारी काका स्वतः आले. राऊहून बसनं, राजवाड्याला उतरून, जिना चढून. नावाचं स्पेलिंग बघायला आलो म्हणाले, कारण रेशनकार्डापासून पेन्शनच्या कागदापर्यंत तो ऱ्ह कोणी धड लिहिला नव्हता. मी खुर्ची दिली आणि पडद्यावर त्यांची पट्टी लावली. नाव बघून ते एवढे खूश झाले की चष्मा काढून पुसला. मीही फुगले. आणि मग मला दिसलं की दुसऱ्या ओळीतला शब्द खालून कापला जातोय. पट्टी पडद्यावर ज्या न दिसणाऱ्या खिडकीतून सरकत येते तिची खालची कड वर राहिली होती, आणि शब्दाला खाली ऋकार होता, तो उडाला होता. पडद्यावर भत्य असं दिसत होतं. थांबा काका, म्हटलं, एवढं नीट करते. खिडकी खाली ओढली, ऋकार आला, शब्द पूर्ण झाला. भृत्य.

मध्य प्रदेशातल्या सरकारी कागदावर शिपायाला भृत्य म्हणतात. इथं जन्मलेल्यांना त्यात काही वाटत नाही, कार्यालयाच्या दारावर, आदेशांवर, सगळीकडे तो शब्द असतो. पण मराठी माणसाच्या कानाला तो जुन्या पोथीतला वाटतो, राजाच्या मागे चवरी धरून उभा असलेला. काका पडद्याकडे बघत राहिले. मला वाटलं ऱ्ह बघतायत.

"ताई, ही खालची ओळ नाही टाकली तर नाही का चालणार?" असं त्यांनी विचारलं. घरची स्टेटसला लावणार आहे म्हणाले. तिच्या माहेरचे सगळे बघतील. तीस वर्षं ती सगळ्यांना सांगत आलीय की यांचं लॅबचं काम आहे, आणि काम लॅबचंच आहे, यात खोटं काय. कागदावर लागलो तेव्हा जे लागलो ते लागलो, बढती कोणी दिली नाही, मागायला गेलो तर फाइल हरवली. हे सगळं त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. मला मात्र इतका राग आला की मी त्यांच्यासमोरच बडे बाबूंना फोन लावला.

बडे बाबूंनी ऐकून घेतलं. सगळ्यांखाली पद आहे तर यांच्याखाली का नाही, म्हणाले. मी म्हटलं, मग रसायन प्रयोगशाळा एवढंच टाकते. तर ते एकदम सावध झाले. उद्या हाच माणूस कोर्टात जाऊन म्हणेल की कॉलेजनंच मला प्रयोगशाळेतला म्हणून दाखवलंय, द्या मला सहायकाची जागा. मग नोकरी कोणाची जाईल, माझी. रिकॉर्ड में जो है, वही जाएगा, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. फोन स्पीकरवर होता. कप्पाळ माझं, तो बंद करायचं सुचलं नाही. काका उठले, म्हणाले, राहू द्या ताई, तुमचा वेळ गेला, आणि जिना उतरून गेले. भियांनी आतल्या खोलीतून सांगितलं की क्लायंट जे म्हणेल ते लिहायचं, आपण काय पब्लिक सर्विस कमिशन नाही.

आता माझा स्वभाव असा आहे, की मला कोणी नाही म्हटलं की माझं डोकं जरा जास्तच चालतं. दोन दिवसांनी काकांची फाइल काढायला बसले, बटणांच्या चित्राचा लेयर चालू होता, आणि एकदम सुचलं. बडे बाबूंना शब्द हवा, बरोबर ना? देते. पट्टी इतकी खाली घ्यायची की नाव बरोबर शेवटच्या सुरक्षित रेषेवर उभं राहील आणि दुसरी ओळ तिच्याखाली, झाकल्या जाणाऱ्या भागात. फाइल मंजुरीला जाईल ती बडे बाबू कार्यालयातल्या कॉम्प्युटरवर बघणार, तिथं बटणं नसतात, मजकूर नसतो, सगळं साफ दिसणार. पद आहे, स्पेलिंग बरोबर, ऋकारसुद्धा शाबूत. आणि रील म्हणून पानावर चढली की कॉलेजचा स्वतःचाच लांबलचक मजकूर त्या ओळीवर येऊन बसणार. शब्द लिहिलेला, आणि दिसणार कोणालाच नाही. मी खुर्चीत बसल्या बसल्या टाळी वाजवली. भियांनी विचारलं काय झालं, म्हटलं काही नाही, डास.

मंजुरी अर्ध्या तासात आली. एवढ्या झटपट आजवर काही मंजूर झालं नव्हतं, प्राचार्यांची हनुवटीसुद्धा.

काकांची रील सकाळी पानावर आली. मी माझ्या फोनवर पाहिली, भियांच्या फोनवर पाहिली, खालच्या बांगडीवाल्याच्या फोनवरसुद्धा जाऊन पाहिली. तिन्हीकडे नाव ठसठशीत, आणि नावाच्या खाली लगेच कॉलेजचं नाव आणि गौरवशाली परंपरा वगैरे. शब्द गायब. मला वाटलं, बाई, तू ग्रेट आहेस. त्या दिवशी मी चहाबरोबर स्वतःला दोन कचोऱ्या खिलवल्या. काकांना काही कळवलं नाही, म्हटलं बघतीलच, कळेलच, खूश होतील.

संध्याकाळी मला त्यांच्या लॅबमधल्या नव्या मॅडमचा निरोप आला, काकांच्या घरचा स्टेटस पुढे पाठवलेला, वाह म्हणून. मी उघडला. स्टेटसला रीलसारखी बटणं नसतात. मजकूर वर चढत नाही. आणि आजचे फोन इतके लांबुडके झालेत की व्हिडिओ पूर्ण मावतो, उत्तर द्यायची जागा त्याच्याही खाली काळ्या पट्ट्यात राहते. काकूंनी कॉलेजकडून काकांना आलेली मूळ फाइलच लावली होती. पडद्यावर सगळं होतं, तळापासून. आणि मी ती पट्टी बाकी सगळ्यांपेक्षा खाली ढकलली असल्यामुळे दुसरी ओळ अगदी तळाला, एकटी, गडद पट्ट्यावर पांढरी, जाड, दोनदा वाचून होईल इतका वेळ. भृत्य.

स्टेटसला लावणार आहे, असं त्या माणसानं माझ्या खुर्चीत बसून सांगितलं होतं. माझ्या कानांनी ऐकलं होतं. आणि मी, जी भियांना पंधरा वर्षं शिकवतेय की आधी विचारा कुठं बघणार आहेत, मग अक्षर ठेवा, मी रीलची चौकट धरून शहाणपणा करत बसले. प्रत्येक ॲपची झाकायची जागा वेगळी, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. गुपचूप जागच्या जागी राहिली असती पट्टी तर निदान बाकी सगळ्यांसारखी तरी दिसली असती.

रात्रभर मला चैन नाही. सकाळी स्कूटी काढली आणि सरळ राऊला गेले. रस्ताभर मनात वाक्यं जुळवत होते, त्यातलं एक धड नव्हतं. काका लॅबमध्ये ब्युरेट, ती तोटीची लांब काचनळी, धूत होते. मी काही बोलायच्या आधीच त्यांनी स्टूल पुढे केलं.

मी सगळं सांगितलं. चौकट, बटणं, बडे बाबू, माझी हुशारी. काका ऐकत होते आणि हातातलं काम चालू होतं. मग त्यांनी घरी काय झालं ते सांगितलं. काकूंनी सकाळी स्टेटस लावला, माहेरचे, शेजारचे, सगळ्यांनी हात जोडले, फुलं पाठवली. दुपारी एका भाचीनं विचारलं, आत्या, भृत्य म्हणजे काय गं? काकूंचं माहेर मराठी मुलखातलं, सरकारी कागदांशी कधी गाठ नाही, त्यांना माहीत नव्हतं. त्यांना वाटलं केमिस्ट्रीतलं काही असेल. त्यांनी काका घरी आल्यावर विचारलं. तीस वर्षं संसार करून त्या माणसाला जेवणाच्या ताटावर बसून बायकोला सांगावं लागलं की भृत्य म्हणजे काय.

मी जमिनीकडे बघत होते. काकू काय म्हणाल्या, हे विचारायची माझी हिंमत नव्हती, ते काकांनी आपणहून सांगितलं.

"ती म्हणाली, मी तीस वर्षं तुमच्या शर्टांची ॲसिडची भोकं रफू केली. ती काय चहाचा ट्रे नेणाऱ्याच्या शर्टाला पडतात?"

काका हसले. मला मात्र रडू आलं, आणि लॅबमध्ये रडलं की बरं असतं, अमोनियाचं नाव घेता येतं. नाक पुसून मी म्हटलं, काका, मी दुसरी फाइल देते, तुमच्या घरच्या स्टेटसपुरती, त्यात ती ओळच नसेल, कॉलेजला कळायची गरज नाही. हे मी रस्त्यातच ठरवून आले होते. पुन्हा हुशारीच.

काकांनी ब्युरेट स्टँडला लावली, स्क्रू आवळला आणि मान हलवली. नको म्हणाले. तुम्ही लपवायला गेलात ताई, म्हणजे ते लाजण्यासारखं आहे असं तुम्हीच ठरवलंत, आणि त्या दिवशी मीही तेच ठरवून तुमच्याकडे आलो होतो, तेव्हा चूक दोघांची.

"ते वर घ्या. सगळ्यांना वाचता येईल असं लिहा. आणि त्याच्या मागे मला काम करताना दाखवा. लाज मी का बाळगू, ज्यांनी लिहिलंय त्यांनी बाळगावी."

मी पंधरा वर्षांत इतकं नेमकं ब्रीफ कोणाकडून ऐकलं नव्हतं. प्राचार्य चार समित्यांवर आहेत, त्यांना ते जमलं नव्हतं.

परत येऊन बसले. आधीच्या रीलमध्ये काका भिंतीपुढे उभे राहून कॉलेजबद्दल चार चांगले शब्द बोलत होते, सगळ्यांसारखेच. ते काढून टाकलं. माझ्याकडे शूटिंगच्या दिवसाचा एक तुकडा होता, सहज घेतलेला. टायट्रेशन चाललंय, काका ब्युरेटच्या तोटीवर दोन बोटं ठेवून उभे, खाली फ्लास्क गोल हलवतायत, आणि नव्या मॅडम वाकून बघतायत, हातात वही. मॅडमना फोन करून विचारलं, हे वापरलं तर चालेल का, तुम्ही त्यांना विचारताना दिसता. त्या म्हणाल्या, विचारतेच तर, दिसू दे. त्या तुकड्यात काका एवढंच बोलतात, अजून एक थेंब, आणि थेंब पडतो, आणि फ्लास्कमधलं पाणी फिकट गुलाबी होतं आणि तसंच राहतं. बस, म्हणतात.

पट्टी मी त्या थेंबावर आणली. चौकट आता एकच धरली नाही. रील, स्टेटस, दुसरं ॲप, जेवढी मला माहीत होती तेवढ्या सगळ्यांची झाकणारी चित्रं एकावर एक ठेवली आणि जी जागा सगळ्यांत मोकळी उरते तिथं पट्टी बसवली, छातीच्या जरा वर, उजव्या बटणांपासून लांब. लॅबच्या भिंती पांढऱ्या, म्हणून मागचा पट्टा जवळजवळ काळा केला. बोलण्याची अक्षरं, म्हणजे सबटायटल्स, खाली येत होती ती पट्टी असेपर्यंत वर सरकवली, दोघांची गर्दी नको. नाव जाड. आणि दुसरी ओळ, जी सगळ्यांची निम्म्याहून थोडी मोठी, ती काकांची नावाएवढीच. ऋकाराला खाली भरपूर जागा दिली. चारऐवजी सात सेकंद ठेवली. जुन्या फोनवर टाकून खिडकीत उभी राहिले, उजेड निम्म्यावर, हात लांब. मग फोन टेबलावर ठेवून चार पावलं मागं गेले. तरी वाचता येत होतं.

भिया मागून बघत होते. पद एवढं मोठं कशाला, आणि हे तर रिकॉर्डमधलंच आहे ना, असं त्यांनी विचारलं. म्हटलं, हो. ते पडद्याजवळ वाकले, म्हणाले, नाव अर्धं बोट डावीकडे घे, मध्यावर नाहीये. बरोबर होतं त्यांचं, नव्हतं मध्यावर. मी घेतलं.

बडे बाबूंना कळवलं की आधीच्या रीलमध्ये पट्टी तांत्रिक चुकीनं खाली गेली होती, सुधारून पाठवतेय, जुनी काढून ही टाका. पद जसंच्या तसं आहे हे दोनदा लिहिलं. त्यांनी कॉम्प्युटरवर पाहिली, पद जागेवर आहे हे पाहिलं, आणि मंजूर करून टाकली.

दोन दिवसांत खाली कमेंटींची रांग लागली. कुठून कुठून जुनी पोरं आली, कोणी औषधाच्या कारखान्यात, कोणी परदेशात, कोणी स्वतः प्राध्यापक झालेला. बहुतेकांचं म्हणणं एकच, की आम्हाला प्रॅक्टिकलच्या परीक्षानळीतलं मीठ ओळखायला काकांनी शिकवलं. आणि जवळजवळ प्रत्येकाचा प्रश्नही एकच, भृत्य? ये क्या लिखा है? एकानं कॉलेजलाच विचारलं होतं की तुमच्याकडे टायट्रेशन भृत्य शिकवतात, तर बाकीचे काय करतात. मी कधी कोणाच्या कमेंटी वाचत नाही. त्या सगळ्या वाचल्या.

तिसऱ्या दिवशी बडे बाबूंचा फोन आला. पहिल्यांदाच त्यांचा आवाज मऊ होता. वर बरंच काही झालं असणार, प्राचार्यांनी बोलावलं असणार, ते काही त्यांनी सांगितलं नाही. इकडचं तिकडचं बोलले, बिल लवकर काढतो म्हणाले. मग जरा थांबून मुद्द्यावर आले.

"मॅडम, वो दूसरी लाइन थोड़ी छोटी हो सकती है क्या? बहुत साफ पढ़ने में आ रही है."

क्लायंट सगळ्या तक्रारी करतो, पण अक्षर फार स्वच्छ वाचता येतं ही तक्रार माझ्या आयुष्यात पहिलीच. मी म्हटलं, छोटी होणार नाही, बदलू मात्र शकते, रिकॉर्ड बदला आणि नवीन शब्द पाठवा, दहा मिनिटांत करून देते. मी वाट बघत राहिले. लाइन चालू होती, मागे कार्यालयातला पंखा ऐकू येत होता, आणि बडे बाबू कोणाला तरी काकांची हरवलेली फाइल शोधायला सांगत होते.